नंबर नसलेला चौकोन

मी राजारामपुरीत एका ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसात बसते. ऑफिस म्हणजे दहा बाय आठचा गाळा, एक काउंटर, गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं आणि भिंतीवर पाच-सहा कंपन्यांच्या गाड्यांची पोस्टरं. आमची स्वतःची गाडी एकही नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा विकायच्या आणि कमिशन घ्यायचं, हा धंदा. मालक सकाळी येऊन उदबत्ती लावतात आणि जातात, ते शटर ओढायलाच परत येतात. मधला सगळा कारभार माझा. चौदा वर्षं झाली.

मला माज आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सासूबाई म्हणतात, तुझी जीभ हातभर लांब आहे. नवरा तोंडावर म्हणत नाही, पण त्याचंही मत तेच. काउंटरवर मात्र त्या जिभेचा उपयोग होतो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी दोन वाक्यांत गार करते. आणि हिशोब? कॅल्क्युलेटर माझ्या टेबलावर आहे, पण तो मालकांसाठी. कुठल्याही गाडीचा चार्ट समोर आला की एका नजरेत रिकाम्या सीटा सांगायच्या आणि दुसऱ्या नजरेत पैसे, हा माझा तोरा. आजूबाजूचे दुकानदार गंमत म्हणून माझी परीक्षा घ्यायचे. मी कधी चुकले नव्हते, म्हणजे निदान कुणी मला चुकताना पकडलं नव्हतं.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

एका शुक्रवारी दुपारी मुरगूडकडचे बहीणभाऊ ऑफिसात आले. भाऊ पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात डॉक्टरची फाईल. बहीण त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तो तिला आक्का म्हणत होता. तिचा गुडघा दाखवायला आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात आले होते आणि जाता जाता बोर्ड बघून आत शिरले. भावाची मुलगी पोलिसात भरती झालेली. ट्रेनिंग नागपूरला होतं, ते संपत आलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी तिचं संचलन होतं. घरच्यांनी या, म्हणून तिनं फोनवर फोन केलेले. तर सोमवारची नागपूरची गाडी हवी होती, आणि माणसं तेरा.

तेरा म्हटल्यावर मी खूश झाले. एका फटक्यात तेरा सीटा म्हणजे चांगलं कमिशन. शिवाय पोरगी पोलीस झाल्याचं कौतुकही वाटलं, का नाही वाटणार? मी चहा सांगितला. भाऊ कोण कोण येणार ते सांगायला लागला. घरातली सहा, शेजारची दोघं, आणि मुलीची सोयरीक जिथं ठरली होती तिकडची चौघं. त्यांना तर न्यावंच लागणार होतं. हे सगळे बारा झाले. तेरावी आक्का. तिचं नाव त्यानं शेवटी घेतलं, तेही चहाचा कप तोंडाला लावता लावता.

सोमवारी दुपारी चारला जी गाडी नागपूरला निघायची, तिचा मालक छोटा होता. त्याचा चार्ट आमच्या कॉम्प्युटरवर दिसायचा नाही. ग्रुप असला की मी त्यांच्या ऑफिसात फोन करायची आणि तिथला माणूस स्वतःच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवायचा. तसा त्यानं पाठवला. स्क्रीनवर उजेड पडलेला, फोटो वाकडा आणि कडेला कापलेला. पण मला काय, मी असले शेकड्यांनी बघितलेले.

गाडी स्लीपर. तक्त्यात डाव्या हाताला खालचे बर्थ, उजव्या हाताला वरचे. दोन्हीकडे सहा-सहा ओळी, एका ओळीत तीन बर्थ, दोन जोडून आणि पॅसेजपलीकडे एकटा. पांढरा चौकोन म्हणजे रिकामा, करडा म्हणजे विकलेला, गुलाबी म्हणजे बाईमाणसाला विकलेला. कुठला रंग कशाचा, हे तक्त्यात एका कोपऱ्यात दिलेलं असतं, पण ते नवीन माणसानं वाचायचं. मला रंग पाठ. मी फोन काउंटरवर ठेवला, म्हणजे त्या दोघांनाही दिसावं, आणि बोटानं फोटो मोठा केला.

मी मोजायच्या आधीच आक्कानं मोजलं. काउंटरवर वाकून, एकेका पांढऱ्या चौकोनावर करंगळी नेत, ओठ हलवत. मग सरळ होऊन भावाला म्हणाली, "बाराच हायत की."

भावानं टोपी काढली, परत घातली आणि दाराबाहेर बघितलं. तिनं लगेच म्हटलं, "मग मी ऱ्हातो. म्हशींचं कोण बघणार? आनि ह्यो गुडघा बी हाय." भाऊ एवढंच म्हणाला, बघू की. पण त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं झालं होतं, ते मी बघितलं. मला राग आला. चुलीपुढं राहणारी बाई सगळ्यात आधी वजा होते, हे मी माझ्या सासरी-माहेरी दोन्हीकडे बघितलेलं. हे मी आज सांगतेय, पण त्या क्षणी त्या रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. माझ्या काउंटरवर, माझ्या फोटोवर, माझ्याआधी कुणी आकडा सांगितला होता.

मी मोजलं. खाली पाच. वर आठ. तेरा.

"तेरा आहेत, आत्या," मी म्हटलं, "तुमचा बी नंबर लागलाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. पदर तोंडाला लावला. हसली असावी, पण पदरामुळे दिसलं नाही, नुसते डोळे दिसले. मग परत वाकली. वरच्या बर्थांच्या सगळ्यात खालच्या ओळीतल्या एका पांढऱ्या चौकोनावर तिनं नख टेकवलं. हळूच, अगदी मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यात आकडा न्हाय बघ, बाय. बाकीच्या समद्यात हाय."

ती लिहायला-वाचायला फार शिकलेली नव्हती. पण गावातल्या दूध संस्थेत तीस वर्षं घरचं दूध घालत होती, आणि तिथल्या पावतीवरचे इंग्रजी आकडे तिला येत होते. गल्लीतल्या बायका आपली पावती तिच्याकडून तपासून घ्यायच्या, हे भावानंच मघाशी कौतुकानं सांगितलेलं. ती म्हणत होती ते मी नीट बघितलं असतं तर एक मिनिट लागलं असतं. पण मला वाटलं, फोटो पुसट आहे, आकडा उजेडात गेला असेल. आणि खरं सांगायचं तर ते वाटलंही नंतर. आधी तोंडच उघडलं.

"आत्या, दुधाचं माप निराळं आणि गाडीचा चार्ट निराळा. तुम्ही फक्त लुगडं कुठलं नेसायचं ते ठरवा."

बाकड्यावर दुसरी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. भाऊही हसला. आक्काही हसली, सगळ्यांबरोबर, आणि मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिली. मला तेव्हा आपण फार मोकळं, घरच्यासारखं बोललो असं वाटलं.

मग पैशाचं. खालचा बर्थ पंधराशे, वरचा तेराशे. पाच खालचे साडेसात हजार, आठ वरचे दहा हजार चारशे. सतरा हजार नऊशे. मी तोंडी सांगितलं, भावानं मोबाईलवर करून बघितलं, तेवढंच आलं. ग्रुप म्हणून माणशी शंभर कमी करून घेतले त्या मालकाकडून, म्हणजे तेराशे गेले. सोळा हजार सहाशे. भाऊ म्हणाला, वरचे सहाशे सोडा. मी म्हटलं, तुमची लेक पोलीस झालीय, आता तुम्ही सहाशे मागता व्हय, उद्या लोक तुम्हाला मागतील. त्यानं हसत सोळा हजार सहाशे मोजले. दोन बर्थ असे होते की शेजारी गुलाबी, म्हणजे परकी बाई. तिथं तुमच्यातल्या बायकाच झोपवा, पुरुष चालणार नाही, हेही मी बजावलं. ते सगळं मी चोख सांगितलं. अशा गोष्टीत मी चोखच आहे.

एकच केलं नाही. ग्रुप ठरला की बर्थचे नंबर एकेक लिहून गाडीवाल्याला कळवायचे, ही रीत. खालचे एल चार, एल पाच, वरचा यू नऊ, असे. त्यासाठी फोटोतला प्रत्येक आकडा वाचावा लागतो. मी लिहिलं, फोटोतल्या सगळ्या रिकाम्या आमच्या, गाडी फुल्ल करा. तिकडून अंगठा आला. पैशाचा मेळ महिन्याच्या शेवटी बसायचा, त्यामुळे तिथंही कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पावतीवर मी लिहिलं, माणसं तेरा, सीट नंबर गाडीवर मिळतील.

निघताना भाऊ पुढे गेला. आक्का दारात थांबली. तिनं मला विचारलं, रात्री गाडीत पातळ घट्ट बांधायला लागतं का, वरच्या बर्थवर चढताना. मी म्हटलं, तुम्हाला खालचाच देते, गुडघा आहे तुमचा. हो, मी हेही म्हटलं.

सोमवारी साडेतीनलाच सगळे आले. गाडी आमच्या ऑफिससमोरच लागते. पिशव्या, पाण्याचे कॅन, चपात्यांचं गाठोडं, लाडवांचे दोन डबे. सोयऱ्यांकडची चौघं इस्त्रीच्या कपड्यांत, बाजूला उभी. आक्कानं हिरवं इरकल नेसलेलं, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. केसांना तेल लावून चापून अंबाडा, आणि पायात नव्या चपला, त्या चावत असाव्यात. ती मला लांबूनच ओळखून हसली. जवळ येऊन म्हणाली, हे लुगडं ठरवलं बघ. माझ्या बोलण्यातलं तेवढंच तिनं लक्षात ठेवलेलं, किंवा मला तसं दाखवलं.

मुलीची आई, म्हणजे तिची भावजय, माझ्याशी बोलत उभी राहिली. तिच्याकडून कळलं की भरतीच्या तयारीला पोरगी दीड वर्ष पहाटे चारला उठून रस्त्यावर पळायची. एकटीला अंधारात कोण सोडणार? आक्का रोज तिच्याबरोबर जायची. पळता येत नाही, म्हणून पुलाच्या कडेला बॅटरी घेऊन उभी राहायची, पोरगी चार फेऱ्या मारेपर्यंत. पावसात, थंडीत. गुडघा तिथंच गेला, भावजय म्हणाली. आणि हे सांगताना तिचा आवाज खाली आला, कारण सोयरे जवळच होते.

चारला गाडी आली. गाडीवरचा माणूस छापलेला चार्ट घेऊन खाली उतरला आणि नंबर सांगून एकेकाला आत सोडायला लागला. बारा झाले आणि त्यानं चार्ट घडी करून खिशात घातला. आक्का पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.

"ह्या कोण?" तो म्हणाला. "तुमचे बारा झाले."

मी म्हटलं तेरा. तो म्हणाला बारा. त्यानं कागद परत उघडून माझ्या हातात दिला. मी फोनमधला फोटो काढला आणि दोन्ही शेजारी धरले. कागदावर वरच्या बर्थांच्या सहा ओळी होत्या. माझ्या फोटोत सात.

सातव्या ओळीत तीन चौकोन होते. पांढरा, करडा, गुलाबी. कागदावर ते थोडं खाली, जरा सोडून छापलेले, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं होतं, रिकामी, विकलेली, महिला. माझ्या फोटोत ती अक्षरं कडेला कापली गेली होती, आणि वाकड्या फोटोत ते तीन चौकोन वरच्या ओळींना चिकटल्यासारखे दिसत होते. कुठला रंग कशाचा ते सांगणारे नमुन्याचे चौकोन. त्यातला पांढरा मी तेराशे रुपयांना विकला होता. त्यात नंबर नव्हता, कारण तो बर्थच नव्हता. आणि छत्तीसची गाडी. विकलेल्या चोवीस आणि माझे तेरा. सदतीस होतात. दुसरीतलं पोर करेल ती बेरीज. ती मी आत्ता, गाडीच्या दारात उभी राहून करत होते.

माझ्या कानांतून वाफ आल्यासारखं झालं. आई गं, असं मनात आलं, आणि त्याच क्षणी हेही आलं की अजून हे कुणाला दिसलेलं नाही. फोटो माझ्याच हातात आहे.

मी गाडीवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, मॅडम, सगळ्या रिकाम्या म्हणालात, बारा होत्या, बारा दिल्या. तो शंभर टक्के बरोबर होता. आणि मी त्या बारा जणांसमोर, सोयऱ्यांसमोर, आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यासमोर त्याच्यावर ओरडले. "काय घोळ घालून ठेवलाय तुम्ही? एक सीट कुणाला दिली मधल्यामध्ये? माझ्या गिऱ्हाइकांनी काय करायचं?" तो काहीतरी बोलत होता. मी फोन कापला आणि भावाला सांगितलं, गाडीवाल्यांनी एक सीट दुसऱ्याला विकली. असले हलकट लोक आहेत.

भाऊ खाली उतरला. दोघं एका बर्थवर बसतो, म्हणाला. गाडीवरच्या माणसानं नाही म्हणून मान हलवली. छत्तीसच्या वर एक माणूस दिसला तर वाटेत दंड बसतो, आणि केबिनमध्ये दुसरा ड्रायव्हर आहे. गाडीच्या खिडक्यांतून अकरा तोंडं खाली बघत होती. त्यात सोयऱ्यांची चार होती, त्यांतलं एकही उतरणार नव्हतं. शेजारची दोघं उतरू शकली असती, पण भावानं त्यांना विचारलं नाही. पोरीचे आईबाप उतरणं शक्यच नव्हतं, आणि घरातल्या बाकी चौघांपैकी कुणी जागचं हललं नाही.

कुणी काही म्हणायच्या आत आक्कानं पायरीवरचा पाय खाली घेतला. पिशवी भावजयीकडे वर दिली आणि म्हणाली, लाडू वरच्या डब्यात तिचे हायत, बेसनाचे, मेथीचे तुमचे. तेवढंच.

गाडीवरच्या माणसानं घाई लावली, भाऊ परत आत चढला. मी आत जाऊन गल्ल्यातून बाराशे आणले, वरच्या बर्थचे तेराशे, वजा सूट शंभर, आणि खिडकीतून भावाच्या हातात दिले. त्यानं ते खिशात घातले. आक्का, मुरगूडची यष्टी धरून जा, म्हणाला. गाडी गेली.

आता जे सांगायचं ते सांगायला मला अजूनही जड जातं.

पाच वाजता दुसऱ्या कंपनीची नागपूरची गाडी होती. ती आमच्या कॉम्प्युटरवर दिसते. मी आत येऊन खुर्चीत बसले आणि पहिली तीच उघडली. खालचा एकटा बर्थ रिकामा होता, सोळाशे रुपये. शेजारी कुणी नाही. तिच्या गुडघ्याला अगदी बरोबर. माझ्या पर्समध्ये दोन हजार होते, त्याच दिवशी गॅससाठी काढलेले. गाडीवाला ओळखीचा, त्याला सांगितलं असतं तर त्यानं तिला सांभाळून नेलं असतं. भावाला फोन केला असता, तो सकाळी उतरवून घ्यायला थांबला असता. संचलन बुधवारी होतं. सगळा वेळ होता.

मी बर्थवर बाण नेला. आणि मग मनात आलं, ही विचारणार, तू का भरतेस माझे पैसे? काय सांगू? गाडीवाल्यांचा घोळ असेल तर मी कशाला पदरचे सोळाशे घालेन? कुणीच घालत नाही. पैसे भरले म्हणजे चूक माझी, हे माझ्या तोंडानं कबूल. ती भावाला सांगेल, भाऊ गावभर सांगेल, मालकांच्या कानावर येईल. अकरा वर्षांत न चुकलेली बाई. दुधाच्या पावत्या वाचणाऱ्या बाईनं जे एका बोटानं दाखवलं, ते हिला दिसलं नाही, आणि वर हिनंच तिचं चारचौघांत हसं केलं.

मी ती खिडकी बंद केली. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पुण्याचं तिकीट काढलं.

आक्का बाकड्यावर बसली होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, टाचेला लाल झालेलं. मुरगूडच्या गाडीला अवकाश होता. मी चहा मागवला, तिनं बशीत ओतून घेतला. मी काहीतरी बोलायचं म्हणून गाडीवाल्यांना आणखी चार शिव्या घातल्या. ती नुसती ऐकत होती. रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला सांगू? तिनं बशी खाली ठेवली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि ऑफिसात दुसरं कुणी नाही हे बघून घेतलं. घड्याळात साडेचार झाले होते.

"एक इचारू, बाय? राग मानू नगंस."

कळलं हिला, असं वाटलं. कळणारच, तिनंच तर दाखवलं होतं. आता विचारेल, आकडा नव्हता न्हवं त्यात? विचारलं तर मी कबूल करणार होते. देवाशपथ करणार होते. हात कीबोर्डवर होता, पाचची गाडी परत उघडता आली असती.

"तुला त्या दिशीच ठावं हुतं न्हवं?" ती म्हणाली. "बाराच हायत म्हणून. त्या खोक्यात आकडा न्हवता, ते तुला दिसलं न्हाय, असं कसं हुईल? तू रोज हेच करतीस."

मी कीबोर्डवरचा हात खाली घेतला.

"मी ऱ्हातो म्हटलं तवा तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. भावानं बघितलं न्हाय, तू बघितलंस. आनि तेरा म्हणालीस. मला कळलं तवाच. म्हटलं ही पोरगी काय तरी करील, कुठनं तरी एक जागा काढील. न्हाय जमलं, त्याला तू काय करणार? गाडीवाल्यांनी दगा दिला." तिनं नाक पदराला पुसलं. "चार दिस मी साऱ्या गल्लीला सांगत हिंडलो, मी नागपूरला चाललो म्हणून. डेअरीत सांगितलं. जलमात कुणी माझ्यासाठी खोटं बोललं न्हवतं, बाय. माझ्यासाठीच तेरा म्हणालीस न्हवं?"

मी तिच्याकडे बघितलं. इरकलाच्या घड्या आता मोडल्या होत्या.

"व्हय," मी म्हटलं.

ती उठली, लंगडत काउंटरपाशी आली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.